तीन मिलिमीटरचा हिशेब

हॉवरक्राफ्ट बनवायला घेतलेला माणूस बहुधा सगळ्यात आधी पंखा विकत आणतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जो सगळ्यात जोरदार दिसेल तो पंखा घ्यायचा, थर्मोकोलच्या पाट्याला भोक पाडून त्यात बसवायचा, खालून प्लॅस्टिकची झालर चिकटवायची आणि बटण दाबायचं. पंखा किंचाळतो, झालर फडफडते, कडेने धूळ उडते, यान मात्र जागचं हलत नाही. मग त्याहून मोठा पंखा येतो. त्याच्यासोबत मोठी बॅटरी येते, बॅटरीसोबत तिचं वजन येतं, आणि यान पुन्हा जमिनीलाच धरून बसतं.

गोम अशी की वजन पंखा उचलतच नाही. ते उचलते यानाखाली कोंडलेली हवा, आणि तिला लागणारा दाब इतका किरकोळ असतो की आकडा पाहून विश्वास बसू नये. पंख्याला वेगळंच काम असतं: कडेने निसटणाऱ्या हवेची सतत भरपाई करणं. फुटक्या बादलीत पाण्याची पातळी टिकवायला नळ चालू ठेवावा लागतो, तसंच हे. नळ किती मोठा हवा, ते बादली किती फुटकी आहे त्यावर ठरतं. म्हणून यानाची आखणी पंख्यापासून नव्हे, वजनापासून सुरू करायची असते.

एक छोटं यान घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहता येतो. पाटा ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर जाड. तो साध्या पांढऱ्या थर्मोकोलचा नव्हे, तर इमारतींच्या उष्णतारोधनासाठी मिळणाऱ्या निळ्या किंवा गुलाबी घट्ट फोमचा. असा पाटा साधारण २०० ग्रॅम भरतो. दोन मोटारी, त्यांचे वेगनियंत्रक आणि पंखे मिळून आणखी २००, तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी १८०, सुकाणू, मागच्या पंख्याचं कडं आणि रेडिओची सामग्री मिळून १६०, कापडी स्कर्ट ६०. रिकामं यान झालं ८०० ग्रॅमचं. त्यावर ४०० ग्रॅम ओझं न्यायचं ठरवलं, तर एकूण वजन १२०० ग्रॅम.

आता क्षेत्रफळ. इथे पहिली फसगत होते, कारण मोजायचं ते पाट्याचं क्षेत्रफळ नसतं. स्कर्ट जमिनीला जिथे टेकतो, त्या रेषेच्या आतलं क्षेत्रफळच कामाचं. ही रेषा चारही बाजूंनी तीन सेंटिमीटर आत आली, तर ६० गुणिले ४० चे उरतात ५४ गुणिले ३४. म्हणजे ०.२४ चौरस मीटरऐवजी फक्त ०.१८४, सुमारे एक चतुर्थांश जागा काहीही न करता गेली. १२०० ग्रॅमचं वजन म्हणजे जवळपास ११.८ न्यूटन बल. त्याला या क्षेत्रफळाने भागलं की येतात ६४ पास्कल. ६४ पास्कल म्हणजे साडेसहा मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराचा दाब. एवढ्याशा दाबावर सव्वा किलोचं यान तरंगतं.

हा आकडा घरी तपासताही येतो. पाण्याची बाटली घ्यायची, तिच्या तळाशी पारदर्शक नळी जोडायची आणि बाटलीचं तोंड दुसऱ्या नळीने यानाखालच्या हवेला जोडायचं. साडेसहा मिलिमीटरचा फरक उभ्या नळीत नीट वाचता येत नाही, म्हणून तळाची पारदर्शक नळी पाच सेंटिमीटरला एक सेंटिमीटर चढेल अशी तिरपी टेकवायची. मग तेच पाणी नळीत तीन सेंटिमीटरहून जास्त पुढे सरकतं. यान तरंगत असताना या नळीने ६४ च्या आसपासचा दाब दाखवला, तर क्षेत्रफळाचा अंदाज बरोबर. ८० दाखवला, तर स्कर्ट वाटला त्याहून आत टेकतो आहे.

दाब कळला की गळती काढता येते. ६४ पास्कल दाबाखालची हवा फटीतून सेकंदाला दहा मीटरहून थोड्या जास्त वेगाने बाहेर पडते. टेकणाऱ्या रेषेचा परीघ १.७६ मीटर. फट तीन मिलिमीटर ठेवायची म्हटलं आणि अरुंद फटीतून हवा पूर्ण जाडीने वाहत नाही याची सूट धरली, तर सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा लागते. ही हवा या दाबाने पुरवायची शुद्ध शक्ती जेमतेम २.१ वॅट. पंखा आणि मोटार मिळून त्यातला पाचवा हिस्साच कामी आणतील असं वाईटात वाईट धरलं, तरी बॅटरीतून दहा-अकरा वॅट. एलईडी दिव्याएवढा हा खर्च. मोठ्या पंख्याच्या मागे लागलेल्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही.

मग संगणकातला १२० मिलिमीटरचा पंखा का चालत नाही? त्याच्या वेष्टनावर तर सेकंदाला तीस लिटरच्या घरातला प्रवाह लिहिलेला असतो. खरं आहे, पण तो समोर काहीही अडथळा नसताना. त्याच वेष्टनावर दाबाचाही आकडा असतो, साधारण वीस पास्कल, आणि तो हवा पूर्ण अडवलेली असताना. हे दोन आकडे एकाच वेळी कधीही मिळत नाहीत. पंखा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतो: दाब वाढला की प्रवाह घटतो. आपल्या यानाला ६४ पास्कल हवेत. हा पंखा वीसलाच दम सोडतो. एक किलोला गळतीशिवायही तो उचलू शकणार नाही. ३०० ग्रॅमचा रिकामा ट्रे त्याने फरशीवर घसरवता येतो, तेवढंच.

म्हणून अशा यानात ड्रोनच्या मोटारी वापरतात. पाच इंची पंखा एका लहान ब्रशलेस मोटारीवर लावला, तर लागणारा दाब तो सहज देतो. पण त्यातही एक खाच आहे. ड्रोनचा पंखा मोकळ्या हवेत फिरण्यासाठी घडवलेला असतो; त्याची दोन किंवा तीन अरुंद पाती भोकाचा बराचसा भाग उघडाच ठेवतात आणि दाबलेली हवा तिथून उलटी वर येते. चार ते सहा रुंद पात्यांचा पंखा इथे जास्त चांगला. पंखा ज्या गोल भोकात फिरतो, त्याची कड आणि पात्याचं टोक यांत एक-दोन मिलिमीटरच अंतर हवं. ते पाच मिलिमीटर झालं, तर ढोबळ हिशेबाने सेकंदाला चौदा-पंधरा लिटर हवा तिथूनच परत जाऊ शकते. ३३ लिटरांची गरज असताना ही गळती परवडत नाही, आणि ती डोळ्यांना दिसत नसल्याने दोष स्कर्टवर जातो.

पंखा अडला आहे का, हे कानाने कळतं. नीट चालणाऱ्या पंख्याचा आवाज सरळ सूं असा असतो. दाब त्याच्या आवाक्याबाहेर गेला की पात्यांवरून हवा सुरळीत वाहत नाही आणि आवाजात खरखर, घरघर येते. अशा वेळी यान हाताने दोन-तीन मिलिमीटर उचलून पाहावं. आवाज लगेच मोकळा झाला तर दाब जास्त होतोय: क्षेत्रफळ कमी किंवा वजन जास्त. काहीच फरक पडला नाही, तर हवा दुसरीकडे कुठेतरी गळते आहे.

इथवरचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे, की फट सगळीकडे तीन मिलिमीटरच राहील. हे गृहीत खरं करून दाखवणं हे स्कर्टचं काम, आणि हॉवरक्राफ्टचा इतिहास बराचसा तिथेच घडला.

ख्रिस्तोफर कॉकरेल या इंग्रज अभियंत्याने १९५५ मध्ये कॉफीच्या डब्यात मांजराच्या खाण्याचा डबा ठेवला, दोघांमधल्या कंगोऱ्यातून हवा खाली सोडली आणि ती तराजूवर किती जोर देते ते मोजलं. कडेने कड्यासारखी सोडलेली हवा आतल्या हवेला कोंडून धरते, हे त्याला दिसलं. त्या कल्पनेवर सॉन्डर्स-रो कंपनीने बांधलेलं ‘एसआर-एन १’ हे यान जून १९५९ मध्ये जगापुढे आलं. त्याला कापडी स्कर्ट नव्हता. हवेचा पडदा हीच त्याची भिंत. ४३५ अश्वशक्तीचं इंजिन असूनही ते वीतभर उंचीवरच तरंगत असे, आणि समुद्राला वीतभर लाटांची मर्यादा कोण घालणार? उत्तर दिलं सेसिल लॅटिमर-नीडहॅमने: कडेने लवचीक कापड लावा. यान उंच राहील, पण कापडाचं खालचं टोक जमिनीजवळच लोंबेल, म्हणून गळती वाढणार नाही. चार फुटी स्कर्ट लागल्यावर हेच यान मूळच्या जवळपास दुप्पट वजनाला, उचलण्याची शक्ती न वाढवता, चालू लागलं. इंजिन तेच, फरक पडला कापडाने.

लहान यानाला सगळ्यात सोपा पडतो तो पिशवीचा स्कर्ट. पाट्याच्या खालून, कडेने फिरणारी कापडाची एक नळी. पंख्याची हवा आधी या नळीत जाते, ती फुगते, आणि नळीच्या आतल्या भिंतीला पाडलेल्या भोकांतून हवा मधल्या पोकळीत उतरते. उंची किती ठेवायची? हलक्या यानांच्या बांधणाऱ्यांमध्ये ठोकताळा असा की पाट्याचं जमिनीपासूनचं अंतर हवेच्या गादीच्या रुंदीच्या आठव्या भागापेक्षा जास्त नको. ३४ सेंटिमीटरला ते चार सेंटिमीटर झालं. मोह होतो आठ-दहा सेंटिमीटरचा, कारण तेवढा स्कर्ट रुबाबदार दिसतो. पण उंच स्कर्टवरचं यान थोडं कलताच ती बाजू आत दुमडते, आणि मग ते सरळ होत नाही, बसतंच.

चार सेंटिमीटर खोल आणि वरून सहा सेंटिमीटर रुंद अशी पिशवी हवी, तर कापडाची लांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर येते. दोन्ही कडांना चिकटवण्यासाठी सेंटिमीटरभर धरून साडेतेराची पट्टी कापायची. कापड म्हणून रेनकोटचं आतून लेप दिलेलं नायलॉन उत्तम. कचऱ्याची काळी पिशवी पहिल्या चाचणीपुरती ठीक, पण ती पहिल्याच खडबडीत कोब्यावर फाटते. ताडपत्री टिकते, मात्र तिचा ताठपणाच आड येतो: जमिनीच्या उंचसखलपणाशी ती जुळवून घेत नाही आणि जिथे खळगा आहे तिथे फट उघडी टाकते. चिकटवायला रबर सोल्युशन वापरू नये, त्यातलं द्रावण फोम खातं. कापडासाठीची रुंद दुहेरी टेप आणि तिच्यावरून पातळ लाकडी पट्टी, हे जास्त भरवशाचं.

आतल्या भोकांचा हिशेब लोक अंदाजाने करतात, आणि बहुतेक यानं इथेच बिघडतात. पिशवीतला दाब गादीतल्या दाबापेक्षा थोडा जास्त हवा; तरच पिशवी ताठ राहते आणि तरीही जमिनीला मऊपणे टेकते. समजा, हा फरक वीस पास्कल ठेवला. ३३ लिटर हवा एवढ्या फरकाने आत जायची, तर भोकांचं मिळून क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस सेंटिमीटर लागतं. दोन सेंटिमीटर व्यासाचं एक भोक तीन चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे तीस भोकं. दर सहा सेंटिमीटरला एक. ती टेकणाऱ्या रेषेच्या थोडी वर, आतल्या बाजूला, तापवलेल्या खिळ्याने किंवा नळीच्या धारदार टोकाने पाडायची. तापल्या खिळ्याने पाडलेल्या भोकाच्या कडा वितळून बंद होतात आणि कापड पुढे उसवत नाही. पंख्याला आता ६४ ऐवजी ८४ पास्कल द्यावे लागतील, हेही विसरायचं नाही.

भोकं कमी पडली तर पिशवी फुग्यासारखी टणक होते, मधली पोकळी भरतच नाही, आणि यान टणक पिशवीवर डुगडुगत, घासत चालतं. भोकं जास्त झाली तर उलट: पिशवी लुळी पडते, कापड फडफडतं, पुढच्या बाजूने आत वळतं. तिसरा आजार विचित्र. यान जागच्या जागी वरखाली थडथडू लागतं, दर सेकंदाला कैक वेळा. ते थोडं उचललं की हवा सुटते, दाब पडतो, ते खाली येतं, हवा अडते, पुन्हा उचललं जातं. वजन थोडं बदललं किंवा गळती थोडी वाढवली की ही थडथड बहुधा थांबते. म्हणून पिशवीच्या खालच्या बाजूला चार-सहा बारीक भोकं मुद्दाम पाडून पाहतात.

कोपरे हा स्कर्टचा सगळ्यात चिवट भाग. सरळ पट्टी काटकोनात वळवली की आतल्या बाजूला कापडाच्या चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी म्हणजे एक छोटा बोगदा, हवा बाहेर पळण्यासाठी. त्यामुळे पाट्याचे कोपरे गोल करायचे, निदान दहा सेंटिमीटर त्रिज्येचे, आणि वळणावरचं कापड शिंपी बाहीला जोड देतो तसं पाचरीच्या तुकड्यांतून शिवायचं. पूर्ण गोल यानाला तेवढ्याच क्षेत्रफळासाठी परीघ सगळ्यात कमी लागतो, सुमारे १४ टक्के, आणि गळतीही तितकीच घटते. पण गोल यानाला नाक नसतं. ते चालवणाऱ्याला आपण कुठे तोंड करून आहोत तेच कळत नाही, म्हणून थोडा लांबट आकारच बरा. गळती कुठे आहे ते शोधायला उदबत्ती पुरते: चालू यानाच्या कडेने ती फिरवली की धूर जिथे झटक्याने बाहेर फेकला जातो, तिथे चुणी किंवा उसवलेली शिवण असते.

मोठ्या यानांत एकसंध पिशवीऐवजी शेकडो स्वतंत्र बोटं जोडलेली असतात. एखादं बोट दगडावर फाटलं तर शेजारची त्याची जागा भरून काढतात, आणि फाटलेलं तेवढंच बदलता येतं. कच्छच्या चिखलाळ किनाऱ्यावर भारतीय तटरक्षक दलाची ग्रिफन यानं फिरतात. आणखी सहा यानांचं काम २०२४ मध्ये गोव्याच्या चौगुले कंपनीला देण्यात आलं. साठ सेंटिमीटरच्या यानाला मात्र बोटांची हौस करू नये. इतक्या लहान तुकड्यांच्या शिवणींमधून जाणारी हवाच फटीतून जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त भरते.

आता ओझं. ४०० ग्रॅमवर समाधान कुणाचंच होत नाही. समजा, १६०० ग्रॅम न्यायचे ठरवले; एकूण वजन झालं दुप्पट, २४०० ग्रॅम. दाब दुप्पट, १२८ पास्कल. हवा निसटण्याचा वेगही वाढला, म्हणून तीच तीन मिलिमीटरची फट राखायला ३३ ऐवजी ४६ लिटर हवा. शक्ती लागते जवळपास सहा वॅट, म्हणजे दुप्पट नव्हे, २.८ पट. आणि पंख्याची शक्ती वाढवलीच नाही तर? यान खाली बसत नाही, हे महत्त्वाचं. ते तरंगतच राहतं, पण फट तीनवरून एक मिलिमीटरवर येते. गुळगुळीत लादीवर एक मिलिमीटर पुरतो. लाद्यांच्या सांध्यावर, वाळूच्या कणावर, डांबरी रस्त्यावर तो पुरत नाही. म्हणूनच एकच यान दिवाणखान्यात झकास धावतं आणि अंगणात हलत नाही. यानाची भारक्षमता विचारणाऱ्याला आधी उलट प्रश्न करावा लागतो: कोणत्या जमिनीवर? हिरवळ तर हवा शोषूनच घेते, आणि गटाराच्या जाळीवर आलेलं यान तत्क्षणी खाली बसतं.

यावर मोठा पंखा हा महागडा उपाय. पाटा ८० गुणिले ५० केला, तर वजनात जेमतेम १३० ग्रॅमची भर पडते, पण टेकणाऱ्या रेषेच्या आतलं क्षेत्रफळ ०.३२ चौरस मीटरच्या पुढे जातं. अडीच किलोलाही मग ७५ पास्कलच लागतात, आणि तीन मिलिमीटरची फट साडेतीन वॅटमध्ये राहते. फोमचा तुकडा मोटारीपेक्षा स्वस्तही असतो.

ओझं किती, याइतकंच ते कुठे, हेही पाहावं लागतं. २५ जुलै १९५९ रोजी ‘एसआर-एन १’ने कॅलेहून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी ओलांडली, सुमारे दोन तासांत. त्या प्रवासात खुद्द कॉकरेल यानावर होता, तो प्रवासी म्हणून नव्हे. यानाचा तोल राखायला तो डेकवर जागा बदलत होता. संशोधक स्वतःच वजनाचं बटखरं झाला. छोट्या यानात हे काम बॅटरीकडे येतं. सगळं सामान लावून यान एका पाइपवर आधी लांबीच्या आणि मग रुंदीच्या दिशेने तोलून पाहायचं. तोलाचा बिंदू गादीच्या मध्यापासून दीड सेंटिमीटरहून जास्त सरकला, तर ती बाजू जमिनीला घासते आणि हवा समोरच्या बाजूने पळते.

मागचा पंखा यात आणखी एक गुंता आणतो. ढकलणारा पंखा वजनाच्या मध्यापेक्षा वर असतो, म्हणून तो ढकलताना नाकही खाली दाबतो. तीन न्यूटनचा रेटा, बारा सेंटिमीटर उंचीवर: सव्वा किलोच्या यानाला हे सगळं वजन तीन सेंटिमीटर पुढे सरकवल्यासारखं. ते पूर्ण भरून काढायला १८० ग्रॅमची बॅटरी वीस सेंटिमीटर मागे न्यावी लागेल, आणि मग थांबलेल्या यानाची शेपूट घासू लागेल. व्यवहारात अर्धं अंतर मागे घेतात आणि मागचा पंखा जमेल तेवढा खाली बसवतात. एवढं न करता एकदम पूर्ण वेग दिला, तर पुढचा स्कर्ट जमिनीला लागतो, आत दुमडतो, पुढची हवा सुटते, नाक आणखी खाली जातं. पाण्यावर हे फार चटकन होतं. मोठ्या यानांचे चालकही या नाक खुपसण्याला घाबरतात.

पाण्यावर अजून एक अडचण, आणि ती ओझ्याशीच बांधलेली. थांबलेलं यान पाण्यावर तरंगतं तेव्हा खालच्या दाबाने पाण्यात साडेसहा मिलिमीटरचा खळगा पडतो. त्या खळग्यातून बाजूला झालेलं पाणी मोजलं, तर ते बरोबर १.२ लिटर भरतं, म्हणजे यानाच्याच वजनाएवढं. स्कर्ट पाण्यात नसला तरी आर्किमिडीज सुटत नाही. यान चालू लागलं की हा खळगा मागे लाट उठवतो, आणि ५४ सेंटिमीटरच्या गादीला ती सेकंदाला सव्वा ते दीड मीटर वेगाच्या आसपास सगळ्यात जास्त आडवी येते. नाक वर, शेपूट खाली, पंखा पूर्ण जोरात आणि यान आपल्याच लाटेच्या चढावर अडकलेलं. हा चढ एकदा पार झाला की रोध उतरतो आणि वेग झपाट्याने वाढतो. एकूण वजन दुप्पट केलं, तर खळगा दुप्पट खोल होतो, पण लाटेचा रोध जवळपास चौपट. त्यामुळे फरशीवर १६०० ग्रॅम घेऊन धावणारं यान तलावात ८०० ग्रॅमवरही तो चढ चढेल याची खात्री नसते. यान काठावरच्या फरशीवरूनच वेग घेऊन पाण्यात उतरवलं, तर तो चढ लागत नाही. फक्त मग मध्ये कुठेही थांबायचं नाही.